पोस्टरवाल्याचं औषध ‘लागू’ का पडतं?

मागच्या महिन्यात इथल्याच एका कॉलेजात लैंगिक आरोग्यावर बोलायला गेलो होतो. मी त्वचारोग आणि गुप्तरोगाचा डॉक्टर, सोलापुरातच प्रॅक्टिस करतो. अशा कार्यक्रमात हात वर करून कोणी काही विचारत नाही हे माहितीय, म्हणून आधीच कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो, नाव लिहू नका म्हणतो आणि डबा फिरवतो. त्या दिवशी एक चिठ्ठी निघाली, "सर तुम्ही पोस्टरवाल्यांना फसवे म्हणायलाव, पण माझ्या दोस्तानं औषध घेतलं आणि तो खरंच बरा झाला. मग?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण आपण मोठी माणसं नुसतं "त्यांच्या नादी लागू नका रे" म्हणतो आणि मोकळे होतो, पण पोराच्या डोळ्यासमोर दोस्त बरा झालेला असतो ना, मग तो आपलं का ऐकेल. दिलेली तासभराची वेळ मी सगळी त्या एकाच चिठ्ठीवर घालवली, आणि जे बोललो तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

पोस्टर तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. एसटी स्टँडच्या मुतारीत, लाईटच्या खांबावर, रेल्वे पुलाच्या भिंतीवर. "स्वप्नदोष, धातू जाणे, नामर्दी, गरमी, परमा, एका डोसात फरक", खाली मोबाईल नंबर. डॉक्टरचं पूर्ण नाव नाही, डिग्री नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. आता बघा, पाच वेगवेगळ्या तक्रारींना एकच पुडी. तरीही काही लोकांना फरक पडतो, हे मी नाकारत नाही. तो फरक का पडतो ते समजून घेऊ.

पहिलं कारण, आणि कॉलेजच्या पोरांत सगळ्यात जास्त दिसणारं, म्हणजे मुळात आजारच नसतो.

झोपेत वीर्य बाहेर पडणं, ज्याला पोस्टरवर स्वप्नदोष म्हणतात, त्यात दोष काही नाही. वयात आल्यावर ते होतं, कुणाला आठवड्यातून दोनदा, कुणाला महिन्यातून एकदा, कुणाला कधीच नाही, आणि तिन्ही नॉर्मल. पण पोरानं लहानपणापासून ऐकलेलं असतं की चाळीस थेंब रक्तापासून एक थेंब धातू तयार होतो. त्या दिवशी मी फळ्यावर हा हिशोबच मांडला. एका वेळी साधारण तीन मिली वीर्य बाहेर पडतं असं धरा, एका मिलीत ढोबळमानानं वीस थेंब, म्हणजे साठ थेंब. साठ गुणिले चाळीस, चोवीसशे थेंब रक्त, म्हणजे एकशे वीस मिली. म्हणजे ती समजूत अगदी शब्दशः खरी मानली तरी तीन वेळेला मिळून साडेतीनशे मिलीच्या आसपास, आणि तेवढं रक्त तर तुम्ही कॉलेजच्या रक्तदान शिबिरात एका बैठकीत देता, बिस्कीट खाता आणि दुपारच्या लेक्चरला बसता. आणि मुळात ती समजूत खरी नाहीच. तसं असतं तर नुकतं लग्न झालेल्या प्रत्येकाचं हिमोग्लोबिन महिन्याभरात खाली आलं असतं.

वीर्यातला बहुतेक भाग म्हणजे दोन ग्रंथींमधून येणारा द्रव असतो, मूत्राशयाच्या मागच्या वीर्याशय नावाच्या पिशव्या आणि खालची प्रोस्टेट ग्रंथी. शुक्रजंतूंचा वाटा त्यात फार थोडा, शंभरात पाचच्या आत. हा द्रव शरीर लाळेसारखा सतत बनवत राहतं. तो साठवून ताकद येत नाही आणि बाहेर पडल्यानं ताकद जात नाही.

मग "सर पण मला खरंच अशक्तपणा वाटायलंय, पाय दुखायलेत, लक्ष लागंना" याचं काय? हे खोटं नाही, पोरगा नाटक करत नसतो. याला आमच्या पुस्तकात धात सिंड्रोम म्हणतात, चंदीगडचे मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये हे नाव दिलं. म्हणजे काय, तर "माझी शक्ती बाहेर चाललीय" या भीतीनंच माणूस थकतो. भीतीनं झोप उडते, झोप नाही म्हणून दिवसभर अंग गळून जातं, छाती धडधडते, भूक मरते, मग वजन जरा उतरतं आणि पोराला पुरावा मिळतो की बघ, धातू जाऊन जाऊन मी वाळायलोय. चक्रच ते.

त्यात आपल्या सोलापूरचा उन्हाळा भर घालतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, होस्टेलवर पाणी कमी प्यायलं जातं, लघवी गडद पिवळी होते, जराशी जळजळते, आणि पोरगं म्हणतं गरमी झाली. कधी जेवणानंतरची लघवी दुधासारखी गढूळ दिसते, ते बहुतेक वेळा फॉस्फेटचे क्षार असतात, लॅबमध्ये त्याच नमुन्यात ॲसेटिक ॲसिडचे दोन थेंब टाकले की ती स्वच्छ होते. कधी बद्धकोष्ठ असताना संडासला जोर केला की पुढून चिकट थेंब येतो, तो ग्रंथीवर दाब आल्यामुळे. यातलं काहीही धातू जाणं नाही.

आता अशा पोराला पोस्टरवाल्यानं पुडी दिली, मालकासारखं ठाम बोलला, "एकवीस दिवसांत बंद, गॅरंटी". पोराची भीती गेली. झोप लागायला लागली. मेसचं नीट जेवण पोटात जायला लागलं. आठवड्यात ताजंतवानं वाटलं. पुडीत साखर असती तरी वाटलं असतं. दोस्त ‘बरा’ झाला तो असा. तोच पोरगा माझ्याकडे किंवा कुठल्याही धड डॉक्टरकडे आला असता तर तपासून, फार तर एक लघवीची आणि हिमोग्लोबिन-शुगरची तपासणी करून हेच कळलं असतं, आणि मुख्य म्हणजे परत परत भीती वाटायची राहिली नसती. पुडीनं भीती तात्पुरती जाते कारण पुडीनं हेच पक्कं केलेलं असतं की तुला आजार होता. पुढच्या वेळी झोपेत झालं की पोरगा पुन्हा पुडीच्या दारात.

मुलींसाठी इथंच एक सांगतो, कारण पोस्टरवर "पांढरं जाणे" पण असतं. पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक किंवा पांढरट स्राव वाढणं नॉर्मल आहे, त्यानं हाडं झिजत नाहीत. खाज, घाण वास, दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणं, यातलं काही असेल तर मात्र तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि तपासणी हवी.

दुसरं कारण जास्त धोक्याचं आहे. आजार खरा असतो, पण त्याचं दिसणारं लक्षण आपोआप जातं.

एका पोराची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. वय वीस, तालुक्याच्या गावचा, इथं रूम करून राहणारा. डिसेंबरच्या मध्यात एकदा संबंध आला, कंडोम नव्हता. संक्रांतीच्या सुमाराला, गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा, लिंगावर एक छोटी जखम दिसली. एकच, कडा जरा टणक, आणि दुखत अजिबात नव्हती. जांघेत गाठ आलेली, ती पण न दुखणारी. दुखत नाही म्हणून आठवडाभर काही केलं नाही, मग घाबरला आणि खांबावरच्या नंबरवर फोन लावला. समोरच्यानं न बघता फोनवरच सांगितलं "गरमी आहे, एकवीस दिवसांचा कोर्स". साडेचार हजार रुपये, दोन हप्त्यांत. पुड्या आणि लावायला तेल.

आणि जखम गेली! फेब्रुवारीच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण भरली, डाग पण नाही. पोरानं दोन मित्रांना तो नंबर दिला.

मार्चमध्ये त्याच्या छातीवर, पाठीवर फिक्कट लाल ठिपके आले. खाज नाही. घरचे म्हणाले उष्णता बाहेर पडलीय, सब्जा पी. मग तळहातावर आणि तळपायावरही तसेच तांबूस डाग आले, थोडा ताप, घसा दुखणं. तळहातावर डाग बघून एका फॅमिली डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी माझ्याकडे पाठवला, त्या डॉक्टरांचं कौतुक, कारण उष्णतेचं पुरळ तळहात-तळपायावर असं येत नाही.

हा सिफिलीस होता. मराठीत जुनं नाव उपदंश, लोक गरमी म्हणतात. या आजाराची चाल अशी आहे की संबंधानंतर दहा ते नव्वद दिवसांत, बऱ्याचदा तीन आठवड्यांच्या आसपास, जंतू शिरलेल्या जागी न दुखणारी जखम येते, आणि ती काहीही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. जखम भरते म्हणजे जंतू मेला असं नाही, तो तोपर्यंत रक्तातून सगळ्या अंगात पसरलेला असतो. मग काही आठवड्यांनी पुरळ येतं, तेही आपोआप जातं. नंतर वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, आणि उपचार न झालेल्या काही जणांत पुढं मेंदू, डोळे, हृदयाची महाधमनी यांना इजा होते. बाईला असेल आणि गरोदरपणात उपचार झाले नाहीत तर बाळाला जातो.

आता एकवीस दिवसांचा कोर्स आणि आठवडाभराची वाट बेरीज करून बघा. चार आठवडे. जखम तशीही त्याच सुमाराला जाणार होती. पुडीच्या जागी रोज एक चमचा शेंगाचटणी खाल्ली असती तरी त्याच दिवशी गेली असती. एकवीस किंवा चाळीस दिवसांचा कोर्स हा विकणाऱ्याच्या फार सोयीचा आहे, कारण तेवढ्या वेळात नागिणीसारखे फोड, साध्या खरचटण्याच्या जखमा, हर्पिसचा एक झटका, सगळंच आपोआप बसतं. औषधाला श्रेय मिळतं आणि काळाचं काम कोणाला दिसत नाही.

त्या पोराचं पुढं काय केलं ते पण सांगतो, कारण खरा उपचार किती साधा आहे ते कळावं. आधी रक्ताची आरपीआर टेस्ट, व्हीडीआरएल ही तशाच प्रकारची दुसरी टेस्ट. रिपोर्ट आला १:६४. याचा अर्थ रक्तातला सीरम चौसष्ट पट पातळ केला तरी टेस्टला प्रतिसाद मिळतोय, आकडा जितका मोठा तितका आजार जोरात, असं ढोबळ समजा. ही टेस्ट कधीकधी दुसऱ्याच कारणानं थोडी पॉझिटिव्ह येते म्हणून खात्रीची आणखी एक टेस्ट केली. उपचार म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिट, अर्धं एका बाजूला अर्धं दुसऱ्या बाजूला कमरेत, एकाच दिवशी. आधी ॲलर्जी विचारून, टेस्ट डोस देऊन. ॲलर्जी असती तर दुसऱ्या गोळ्यांचा पर्याय असतो. इंजेक्शन दुखतं, पोरगा दोन दिवस तिरका बसत होता. त्या रात्री त्याला थंडी वाजून ताप आला, त्याची कल्पना मी आधीच दिली होती, जंतू एकदम मरतात तेव्हा काही जणांना असं होतं आणि दिवसभरात उतरतं.

एचआयव्हीची टेस्ट पण केली, निगेटिव्ह आली. संबंधाला तेव्हा नुकतेच तीन महिने होत आले होते म्हणून महिन्याभरानं परत एकदा केली, तीही निगेटिव्ह. ज्या व्यक्तीशी संबंध आला होता तिला त्यानं स्वतः सांगितलं, तिची तपासणी आणि उपचार झाले. हे सांगायला त्याला मला वाटतं सगळ्यात जास्त हिंमत लागली असणार. आणि शेवटची गोष्ट, जी पोस्टरवाला कधीच करत नाही, सहा महिन्यांनी परत टेस्ट. आकडा किमान चार पट खाली यायला हवा, म्हणजे ६४ चा १६ किंवा कमी. त्याचा १:८ आला. बरा झाला हे आम्ही जखम बघून म्हणालो नाही, या आकड्यावर म्हणालो.

एक मर्यादा इथं सांगायला हवी. जखम अगदी नवी असताना, पहिल्या एक-दोन आठवड्यांत, ही रक्ताची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून नुसता लॅबमध्ये जाऊन स्वतःच टेस्ट करून "निगेटिव्ह आहे" म्हणून गप्प बसू नका, जखम दिसतेय तोवरच डॉक्टरला दाखवा. तेव्हा बघून जेवढं कळतं तेवढं भरल्यावर कळत नाही.

तिसरं कारण थोडक्यात. पुडी कधीकधी खरंच काम करते, कारण त्यात न सांगता ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली असते. ताकदीच्या ‘शुद्ध जडीबुटी’ पावडरींमध्ये सिल्डेनाफिल सापडल्याची उदाहरणं देशात आणि परदेशात खूप आहेत. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. ओळखायचं कसं? तासाभरात परिणाम, त्याबरोबर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, नाक चोंदणं, कधी नजरेला निळसर झाक, असं झालं तर ती जडीबुटी नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसानं ही पावडर घेतली तर रक्तदाब इतका खाली जाऊ शकतो की जीवावर बेतेल. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर ती इमर्जन्सी आहे, लाजेनं घरी बसायचं नाही, थेट हॉस्पिटल, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. काही भस्मांच्या पुड्यांत शिसं सापडतं, ते पोटदुखी आणि रक्तक्षय घेऊन येतं, ते वेगळंच.

एका मुलीनं विचारलं, "सर एवढं उघड लावतात म्हणजे परवानगी असेलच ना?" उलट आहे. १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. लैंगिक शक्ती वाढवणे, नपुंसकत्व, गुप्तरोग यावर औषधाची अशी जाहिरात करणंच त्यात गुन्हा आहे, पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे औषध चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा, ते पोस्टर लावणं हेच बेकायदा. त्यामुळे धड डॉक्टर, मग तो ॲलोपॅथीचा असो, आयुर्वेदाचा असो की होमिओपॅथीचा, असं पोस्टर लावतच नाही. आपल्या गावातले चांगले वैद्यसुद्धा या पुडीवाल्यांवर चिडलेले असतात, मी स्वतः ऐकलंय.

मोबाईलवरच्या माहितीला पण मी हीच कसोटी लावायला सांगतो. व्हिडिओवाला आधी घाबरवतोय का, "ही पाच लक्षणं दिसली तर तुमची ताकद संपली", आणि लगेच खाली खरेदीची लिंक आहे का? की तो सांगतोय हे कधी नॉर्मल असतं, कोणती टेस्ट लागते, औषधाचे त्रास काय, कोणाला हे औषध चालणार नाही? विकणारा माणूस "तुला औषधाची गरज नाही" हे वाक्य कधी बोलत नाही. डॉक्टर दिवसातून दहा वेळा बोलतो.

आता जायचं कुठं. सरकारी मेडिकल कॉलेज आणि जिल्हा हॉस्पिटलांत गुप्तरोगाच्या तपासणी-उपचाराची जी सोय असते तिला सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तिथं लक्षणांप्रमाणे औषधांची ठरलेली, रंगाची किट्स फुकट मिळतात. लघवीच्या जागी पू येत असेल तर करड्या रंगाचं किट, त्यात डॉक्टरसमोर एकदाच घ्यायच्या गोळ्या असतात, बास. एचआयव्हीची टेस्ट आयसीटीसी नावाच्या केंद्रात, फुकट, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, आणि २०१७ च्या कायद्यानं तुमचा रिपोर्ट गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अठरा पूर्ण असतील तर संमती तुमची स्वतःची, घरच्यांना आणायची गरज नाही. तोंडानं विचारायचं धाडस होत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, त्यावर गुप्तरोगांचंही विचारता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.

शेवटी एका पोरानं, आता हात वर करून, विचारलं, "सर सिव्हिलला केसपेपर काढताना खिडकीवरचा माणूस विचारतो काय होतंय, मागं लाईनमध्ये आपल्या गल्लीतली बाई उभी असती, तिथं काय सांगायचं?" हॉलमध्ये हशा पिकला पण प्रश्न सगळ्यांचाच होता. तिथं एवढंच म्हणायचं, "स्किनला दाखवायचंय." त्वचा आणि गुप्तरोग हा एकच विभाग असतो, एकच ओपीडी. नायटा झालेली माणसं, केस गळणारी माणसं, सगळी त्याच बाकड्यावर बसलेली असतात. बाकीचं आत गेल्यावर, दार लावून, डॉक्टरला सांगायचं.